साखरपुड्याची अंगठी : सराफाला मेसेज पाठवण्याआधी

वाचकाचा प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे, नाशिकला नोकरी करतो. हातात महिना ६८,००० येतात, खर्च ४२,००० च्या आसपास, १०,००० ची एसआयपी. बँकेत सगळे मिळून २,३०,००० आहेत. साखरपुडा तीन महिन्यांवर आलाय. सराफाला हा मेसेज टाकणार आहे : "नमस्कार, साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घडवून हवी आहे. बजेट दीड लाखापर्यंत. हिरा अर्धा कॅरेट, चांगल्या क्वालिटीचा. सोनं १८ कॅरेट. किती होतील ते कळवा." आईची ६ ग्रॅमची जुनी अंगठी मोडीत घालायची आणि कमी पडतील ते ४०,००० क्रेडिट कार्डावर घ्यायचे, असं डोक्यात आहे. बजेट बरोबर आहे का? मेसेजमध्ये काही राहिलंय का? आणि लॅबमधला हिरा घेतला तर चालेल का?

उत्तर :

दीड लाख तुमच्या आजच्या परिस्थितीत जास्त आहेत. वरची मर्यादा एक लाख ठेवा, त्यात जीएसटी, घडणावळ, हॉलमार्क सगळं आलं पाहिजे. हा आकडा कुठून आला ते सांगतो. महिन्याचा खर्च ४२,००० असेल तर तीन महिन्यांचे १,२६,००० बँकेतून हलवायचे नाहीत. नोकरी गेली, घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर तेवढाच आधार आहे. राहिले १,०४,०००. साखरपुड्यानंतर लग्न आहे, त्याचा खर्च पुढच्या महिन्यांतल्या बचतीतून उभा राहील. एसआयपी चालू ठेवूनही महिना १६,००० हाती उरतात, ते त्यासाठी लागणार आहेत. म्हणून अंगठी हातातल्या पैशांतूनच व्हायला हवी, उद्याच्या पगारातून नको.

कार्डाचा विचार सोडून द्या. दागिन्यांची खरेदी बहुतेक बँका हप्त्यांत बदलून देत नाहीत. तुम्ही मनात हप्ते धरून कार्ड पुढे कराल आणि महिन्याच्या शेवटी पूर्ण रक्कम भरायची वेळ येईल. ती भरली नाही तर बऱ्याच कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४०,००० वर ते १,४०० रुपये झालं, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे एका महिन्यात १,६५२ रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी.

आईची अंगठी मोडायचा निर्णय मला जास्त खटकतो. जुन्या, हॉलमार्क नसलेल्या अंगठीत २२ कॅरेटचं सोनं असेलच असं नाही, जोडांना लावलेला डाक धरून तपासणीत ते बऱ्याचदा खाली येतं. समजा ८५ टक्के शुद्धता निघाली, तर ६ ग्रॅममध्ये ५.१ ग्रॅम शुद्ध सोनं आहे. आकडेमोडीसाठी २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० धरू, म्हणजे ६१,२०० रुपये झाले. आता नव्या अंगठीत किती सोनं असेल बघा. १८ कॅरेटच्या ३.२ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं फक्त २.४ ग्रॅम. उरलेलं २.७ ग्रॅम, म्हणजे ३२,४०० रुपयांचं सोनं, हिरा, घडणावळ आणि करात जिरतं. कधीही कुठल्याही पेढीवर विकता येईल अशी वस्तू देऊन जिची मोड अनिश्चित आहे अशी वस्तू तुम्ही घेताय. शिवाय मोडीची रक्कम वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लागेल असा समज असेल तर तसं होत नाही, तो नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. आईलाच वाटत असेल की आपली अंगठी सुनेच्या बोटात या रूपात जावी, तर गोष्ट वेगळी. मग तिच्याशी बोलून ठरवा, आणि सराफाकडे नेण्याआधी बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात शुद्धता तपासून घ्या. माफक शुल्कात रिपोर्ट मिळतो. तो हातात असला की काउंटरवरचा "एवढंच निघालं" हा शब्द अंतिम राहत नाही.

आता मेसेजकडे येऊ. तुमच्या चार ओळींत तीन जागा मोकळ्या आहेत आणि तिन्ही समोरचा आपल्या सोयीने भरेल. "दीड लाखापर्यंत" लिहिलं की कोटेशन १,४८,००० चं येतं, कारण तुम्ही वस्तू पक्की केलेली नाही, फक्त खिसा दाखवलाय. "चांगल्या क्वालिटीचा" याला हिऱ्याच्या व्यवहारात काही अर्थ नाही, तिथे रंग आणि शुद्धतेची अक्षरं चालतात. आणि "किती होतील" विचारल्यावर उत्तरही एका आकड्यात येतं. एका आकड्याची तुलना दुसऱ्या पेढीच्या एका आकड्याशी करताच येत नाही. काही जण सांगतात की बजेट लपवा. ते मला पटत नाही. घडवून घेण्याच्या कामात बजेट माहीत नसेल तर सराफ ४०,००० पासून चार लाखांपर्यंतचे नमुने दाखवत बसतो. बजेट सांगा, पण सोबत वस्तूही बांधून द्या आणि प्रत्येक बाबीचा हिशेब वेगळा मागा.

मर्यादा एक लाख असली तरी मेसेजमध्ये ९५,००० लिहा. घडवलेल्या अंगठीचं वजन कागदावरच्या अंदाजाला तंतोतंत उतरत नाही. ओतकाम, घासकाम, पॉलिश यांत दोन-तीन दशांश ग्रॅम इकडेतिकडे होतात. वजन ०.३ ग्रॅमने वाढलं तर सोन्याचे २,७००, त्यावर १८ टक्के घडणावळ ४८६ आणि जीएसटी मिळून जवळजवळ ३,३०० रुपये वाढतात. ऑर्डर ते ताबा या तीन-चार आठवड्यांत सोन्याचा भाव पाच टक्के चढला तर आणखी पावणेदोन हजार. हे दोन्ही एकदम झालं तरी पाच हजारांच्या आसपासच राहतं. मागे ठेवलेले पाच हजार त्याचसाठी.

९५,००० च्या कोटेशनची फोड साधारण अशी निघते. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, भाव ग्रॅमला ९,०००. निव्वळ वजन ३.२ ग्रॅम धरलं तर सोन्याचे २८,८००. घडणावळ १८ टक्के धरली तर ५,१८४. तयार डिझाइनच्या अंगठीला ती कमी असते, एकच नग घडवायचा असल्याने इथे जास्त लागते. कॉम्प्युटरवरचं डिझाइन आणि मेणाचा नमुना यांचे २,५००. हॉलमार्कचे ४५. एवढं झाल्यावर हिऱ्यासाठी ५५,००० उरतात. बेरीज ९१,५२९, तीन टक्के जीएसटी २,७४६, एकूण ९४,२७५. सोन्याचा भाव त्या दिवशीचा घाला, हिऱ्याचा आकडा तुमच्या शहरात वेगळा निघेल, पण ओळी ह्याच राहतील. एखादी ओळ कोटेशनमध्ये दिसली नाही तर ती दुसऱ्या कुठल्या तरी ओळीत मिसळलेली आहे असं समजा.

सोन्याच्या ओळीत दोन गोष्टी बघायच्या. पहिली, सोन्याचे पैसे निव्वळ वजनावर लावलेत की एकूण वजनावर. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे ०.३५ कॅरेटच्या हिऱ्याचं वजन जेमतेम ०.०७ ग्रॅम भरतं आणि फरक सहाशे-साडेसहाशे रुपयांचा पडतो. रक्कम लहान आहे, पण हिऱ्याचे पैसे वेगळे देऊन त्याच्या वजनाला पुन्हा सोन्याचा भाव का द्यायचा? नंतर कधी नीलम किंवा पुष्कराज अशा मोठ्या खड्याची अंगठी केलीत तर हाच फरक तीन-चार हजारांवर जातो. दुसरी गोष्ट म्हणजे भाव. १८ कॅरेटचा भाव २४ कॅरेटच्या भावाच्या पाऊणपटच असायला हवा. कुठे "घट" म्हणून ७८ किंवा ८० टक्क्यांनी भाव लावतात आणि वर घडणावळ वेगळी घेतात. घट घडणावळीतच धरलेली असते. ती दोनदा द्यायची नाही.

हॉलमार्कबद्दल थोडक्यात. दोन ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या सोन्याच्या दागिन्यावर तो लागतोच, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय असा दागिना विकता येत नाही. तुमच्या अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, १८ कॅरेट आणि ७५० हा शिक्का, आणि हा सहा अक्षरी क्रमांक असेल. तो `BIS Care` ॲपमध्ये `Verify HUID` मध्ये घातला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. तिथे दागिन्याचा प्रकार अंगठीऐवजी दुसराच निघाला तर ताबा घेऊ नका.

खरी रक्कम हिऱ्यात आहे, आणि फसगतही तिथेच जास्त होते. पेढ्यांवर "ईएफ-व्हीव्हीएस" हे शब्द सतत ऐकू येतील. ई आणि एफ हे रंगाचे जवळजवळ वरचे दर्जे, व्हीव्हीएस म्हणजे दहापट भिंगातही दोष शोधायला कष्ट पडतील इतकी शुद्धता. अर्ध्या कॅरेटच्या आतल्या हिऱ्यात, पिवळ्या सोन्यात बसवल्यावर, ई आणि एच यांतला फरक हातभर अंतरावरून कुणाला कळत नाही. सोन्याचा पिवळेपणाच हिऱ्यात उतरतो. तुम्ही रंग जी किंवा एच मागा आणि शुद्धता व्हीव्हीएसच्या खालची व्हीएस-२. तिच्याही खालची एसआय-१ सुद्धा चालेल, मात्र दोष काठाला हवा, मध्यभागी काळा ठिपका नको. जे पैसे वाचतील ते कटमध्ये घाला. हिरा चमकतो तो कटमुळे, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यामुळे. कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्हींना "एक्सलंट" शेरा असलेला गोल हिरा घ्या. व्हीव्हीएस असून कट साधारण असेल तर तो डोळ्याला मंदच वाटतो.

वजनातही एक खाच आहे. हिऱ्याचा दर कॅरेटमागे असतो आणि तो ०.३०, ०.४०, ०.५० अशा गोल आकड्यांवर उडी मारतो. त्यामुळे ०.४० च्या जागी ०.३८ चा हिरा मागितला तर वजन पाच टक्क्यांनी कमी होतं, पण किंमत त्याहून जास्त उतरते. व्यासात फरक पडतो मिलिमीटरच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्याचा. म्हणून वजनाइतकाच व्यास बघा, तो सर्टिफिकेटवर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. चांगल्या कटचा गोल हिरा ०.३० कॅरेटला ४.३ मिलिमीटरच्या आसपास, ०.४० ला ४.७ आणि ०.५० ला ५.१ भरतो. ०.४० चा म्हणून दाखवलेला हिरा ४.५ चाच असेल तर त्याचं वजन खाली पोटात लपलंय. पैसे ०.४० चे द्यायचे आणि दिसायला ०.३५, असा तो व्यवहार होतो.

नैसर्गिक हिरा घ्यायचा तर ५५,००० मध्ये अर्धा कॅरेट बसेल असं मला वाटत नाही. ०.३० ते ०.३८ च्या मध्ये कुठेतरी अडाल. अर्धा कॅरेट हवाच असेल तर तुमचा लॅबचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर आकड्यांतच देतो.

लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा कार्बनचा खरा हिराच आहे. अमेरिकन डायमंड किंवा मोझनाइट ही वेगळी द्रव्यं, त्यांच्याशी गल्लत करू नका. अर्ध्या कॅरेटच्या सर्टिफिकेटवाल्या लॅब हिऱ्याचे २०,००० धरू. बाकीच्या ओळी त्याच ठेवल्या तर बेरीज ५६,५२९, जीएसटीसह ५८,२२५. नैसर्गिक हिऱ्याच्या अंगठीपेक्षा ३६,०५० रुपयांनी कमी, आणि हिरा मोठा.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की लॅबच्या हिऱ्याला मोड नाही. बरोबर आहे, गेल्या काही वर्षांत त्याचे भाव उतरतच गेलेत आणि परत घ्यायला बहुतेक पेढ्या तयार नसतात. तुम्ही त्याची किंमत शून्य धरा. पण मग दुसऱ्या बाजूचीही फोड करा. नैसर्गिक हिऱ्याच्या ९४,२७५ मधून घडणावळ, डिझाइन, हॉलमार्क आणि कर मिळून १०,४७५ कधीच परत येत नाहीत. सोन्याचे २८,८०० त्या दिवशीच्या भावाने येतात. राहिला ५५,००० चा हिरा. दुसऱ्या पेढीवर विकायला गेलात आणि निम्मे मिळाले असं धरलं, तर एकूण ५६,३०० हाती येतात आणि ३७,९७५ जातात. लॅबच्या अंगठीत हिऱ्याचे शून्य आले, सोन्याचे २८,८०० आले, तर जातात २९,४२५. मोड नसलेल्या अंगठीत तुमचं रुपयांतलं नुकसान कमी आहे, कारण मुळात अडकवलेलीच रक्कम कमी होती.

नैसर्गिकच्या बाजूने हिशेब झुकतो तो एकाच वेळी. सराफाने हिऱ्याच्या किमतीच्या ६६ टक्के किंवा त्याहून जास्त परत देण्याचं लेखी दिलं असेल, आणि तुम्ही पुढे त्याच पेढीवर जाणार असाल, तर. त्यातही शब्द नीट वाचा. "एक्सचेंज" म्हणजे त्या रकमेत दुसरा दागिना घ्यायचा, "बायबॅक" म्हणजे पैसे हातात. टक्केवारी बिलातल्या किमतीवर आहे की त्या दिवशीच्या बाजारभावावर, हेही विचारा. बिल, सर्टिफिकेट, अंगठी तिन्ही लागतात का? हे सगळं बिलाच्या मागे किंवा वेगळ्या कागदावर शिक्क्यासह हवं. काउंटरवरचा माणूस पाच वर्षांनी तिथे असेलच असं नाही.

माझा कौल लॅबच्या बाजूला आहे, एका अटीवर. जिच्या बोटात अंगठी जाणार आहे तिला हे आधी माहीत हवं आणि तिला ते चालायला हवं. दोन्ही घरच्यांनाही सांगा. साखरपुड्यात पाहुण्यांतलं कुणीतरी विचारतंच, आणि तिथे पहिल्यांदा कळण्यासारखी ही गोष्ट नाही. तिला नैसर्गिकच हवा असेल तर ०.३० च्या वरचा छोटा हिरा घ्या. सोनं कमी करून किंवा मर्यादा वाढवून अर्धा कॅरेट गाठायला जाऊ नका. दोन ग्रॅमच्या बारीक कड्यावर बसवलेला हिरा रोजच्या वापरात कडं वाकलं की ढिला होतो.

मेसेज मी असा लिहिला असता. कंसात आकडे तुमचे भरा :

> नमस्कार. साखरपुड्यासाठी एका हिऱ्याची अंगठी घडवून घ्यायची आहे. (तारीख) पर्यंत तयार हवी.
>
> बजेट : सगळं धरून, जीएसटीसह, ९५,००० रुपये. याच्या वर जाणार असेल तर कृपया आधी कळवा.
>
> सोनं : १८ कॅरेट पिवळं, एचयूआयडी हॉलमार्कसह. अंदाजे निव्वळ वजन ३ ते ३.५ ग्रॅम. अंगठीचा नंबर (१२), आतला व्यास १६.५ मिलिमीटर. कड्याची रुंदी २ मिलिमीटर, खालच्या बाजूला जाडी दीड मिलिमीटरपेक्षा कमी नको. हिरा सहा प्रॉंगच्या पकडीत. सोबत नमुन्याचा फोटो जोडला आहे.
>
> हिरा : गोल, रंग जी किंवा एच, शुद्धता व्हीएस-२ किंवा चांगला एसआय-१, कट-पॉलिश-सिमेट्री तिन्ही एक्सलंट. आयजीआय प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट, नैसर्गिकला जीआयएचंही चालेल, कडेला लेझरने कोरलेला नंबर असलेला. दोन पर्याय द्यावेत : (अ) नैसर्गिक, ०.३० ते ०.३८ कॅरेट, (ब) लॅबमधला, ०.५० कॅरेटच्या आसपास. प्रत्येक पर्यायाचा सर्टिफिकेट नंबर आणि व्यास कळवावा.
>
> कोटेशनमध्ये या बाबी वेगवेगळ्या द्याव्यात : १८ कॅरेटचा आजचा भाव, निव्वळ वजन, घडणावळ, डिझाइनचा खर्च, हिऱ्याची किंमत, हॉलमार्क, जीएसटी.
>
> आणखी तीन गोष्टी : सोन्याचा भाव बुकिंगच्या दिवशीचा लागेल की ताब्याच्या दिवशीचा? विसार किती, आणि डिझाइन पसंत पडलं नाही तर त्यातलं किती परत? हिरा आणि सोनं परत घेण्याच्या अटी लेखी मिळतील का?

अंगठीचा नंबर अंदाजाने लिहू नका. तिच्या रोजच्या अंगठीचा आतला व्यास मोजा, किंवा तिलाच सराफाकडे नेऊन माप घ्या. माप संध्याकाळी घ्यावं, सकाळी गारव्यात बोटं बारीक असतात. एक-दोन नंबरांचा बदल नंतर करता येतो, पण त्यासाठी कडं कापून पुन्हा जोडावं लागतं.

हा मेसेज तीन पेढ्यांना एकाच दिवशी पाठवा. सोन्याचा भाव रोज हलतो. सोमवारचं एक आणि गुरुवारचं एक अशी कोटेशनं समोर ठेवली तर फरक सराफातला की भावातला, हे कळणार नाही. उत्तरं आली की एकूण आकडा झाकून ओळ-ओळ वाचा. सगळ्यात जास्त गफलत घडणावळीत होते. एखादी पेढी "घडणावळ फक्त आठ टक्के" म्हणेल. २८,८०० वर ती २,३०४ होते, म्हणजे अठरा टक्क्यांच्या तुलनेत तुमचे २,८८० वाचले. तीच पेढी त्याच प्रतीच्या हिऱ्याचे ५५,००० ऐवजी ६३,००० लावत असेल तर आठ हजार तिकडून गेले. घडणावळीची टक्केवारी जाहिरातीत असते, हिऱ्याचा दर कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून आधी हिरा जुळवा. सर्टिफिकेट नंबर मिळाला की तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर घालून वजन, रंग, शुद्धता आणि व्यास स्वतः वाचा. पेढीने स्वतःच्या नावाचं कार्ड दिलं असेल तर ते बाहेर कुणी मानत नाही, अशा हिऱ्याची तुलनाच करू नका.

कुणी सुचवेल की हिरा बाहेरून सुटा घ्या, त्यावर जीएसटी दीड टक्काच लागतो. खरं आहे. ५५,००० वर ८२५ रुपये वाचतात. पण बसवताना हिऱ्याची कड उडाली तर हिरा विकणारा म्हणेल आमच्याकडून धड गेला, आणि कारागीर म्हणेल आधीच तडा होता. सव्वाआठशे रुपयांसाठी ही जबाबदारी तुमच्या अंगावर घेऊ नका. हिरा आणि घडण एकाच बिलात असू द्या.

ऑर्डर नक्की केल्यावर विसार यूपीआयने किंवा चेकने द्या आणि पावतीवर सर्टिफिकेट नंबर, कॅरेट, अंदाजे वजन, सोन्याचा धरलेला भाव आणि घडणावळ लिहून घ्या. "हिऱ्याची अंगठी, ॲडव्हान्स २५,०००" एवढीच पावती असेल तर नंतर वाद घालायला हातात काही नसतं. भाव चढायची भीती वाटत असेल तर सोन्याची पूर्ण रक्कम आधी भरून भाव बांधून घेता येतो का विचारा. मात्र हिऱ्याचे सगळे पैसे हिरा डोळ्यांनी बघेपर्यंत देऊ नका.

बसवण्याआधी हिरा एकदा बघायला जा. दहापट भिंग मागा, सराफाकडे असतंच. हिरा चिमट्यात आडवा धरून त्याची कड भिंगाखाली फिरवली की बारीक अक्षरांत कोरलेला नंबर दिसतो. पहिल्यांदा सापडायला एखादं मिनिट लागतं, कारण अक्षरं केसाच्या जाडीपेक्षा लहान असतात आणि उजेड तिरका पडला तरच उठतात. लॅबचा हिरा असेल तर नंबरासोबत तसा उल्लेखही कोरलेला असतो. सर्टिफिकेटवरचा नंबर आणि हा नंबर जुळला की कारागिराला सांगा, नंबर प्रॉंगखाली जाऊ देऊ नका. मग अंगठी तयार झाल्यावर त्याच भिंगाने तोच नंबर पुन्हा वाचता येतो. हिरा बदलला गेला नाही याची तुम्हाला स्वतःला करता येणारी दुसरी सोपी खात्री नाही.

ताबा घेताना अंगठी समोरच्या काट्यावर ठेवायला लावा. एकूण वजनातून हिऱ्याचं वजन वजा केलं की बिलातलं निव्वळ वजन यायला हवं. मग अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. हिरा ढिला असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. सुती रुमाल प्रॉंगवरून फिरवा, धागा अडकला तर टोक नीट दाबलेलं नाही, ते तिथेच करून मागा. बिल पक्कं, जीएसटी क्रमांकासह, आणि त्यात सोनं व हिरा वेगवेगळ्या ओळींत हवेत. बिलाचा आणि सर्टिफिकेटचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.